एक चाळीसमध्ये फुल शर्ट का बसत नाही: पन्ह्यावरून शर्ट-ब्लाउजचं कापड कसं काढायचं

महिन्यातून एकदा तरी हा प्रसंग आमच्या दुकानात होतो. गिऱ्हाईक पिशवीतून कापड काढतं, फुल शर्ट शिवायचा म्हणतं, मी टेप लावतो आणि कापड निघतं एक मीटर चाळीस. मी कपाळाला हात लावायच्या आत समोरून खुलासा येतो. "छत्तीस पन्ह्याचं सव्वादोन मीटर लागतं, बरोबर? हे अठ्ठावन्न पन्ह्याचं आहे. सव्वादोन गुणिले छत्तीस, भागिले अठ्ठावन्न. एक चाळीस."

पन्हा म्हणजे कापडाची इंचातली रुंदी. गणित चुकलेलं नाही, पण शर्ट निघत नाही.

हाच हिशेब उलटा करून बघा. अठ्ठावन्न पन्ह्यात फुल शर्टाला १.६० मीटर लागतं, बाजारात पॅक केलेले शर्ट पीससुद्धा बहुतेक याच मापाचे मिळतात. मग त्याच गुणोत्तराने छत्तीस पन्ह्यात २.५८ मीटर लागायला हवं. प्रत्यक्षात २.२५ मध्ये शर्ट आरामात होतो. म्हणजे गुणोत्तर एका बाजूला तोकडं पडतं आणि दुसऱ्या बाजूला फुकटचा खर्च करायला लावतं. कारण साधं आहे. कापड काही पिठासारखं वजनावर वापरता येत नाही. पाठ, पुढचे दोन भाग आणि बाह्या हे मोठे तुकडे पन्ह्यात शेजारी-शेजारी मावतात की नाही, एवढाच खरा प्रश्न असतो. मावले तर एका ओळीत काम होतं. अर्ध्या इंचाने जरी नाही मावले, तरी खाली नवी ओळ धरावी लागते. त्यामुळे लागणारं कापड माप वाढेल तसं हळूहळू वाढत नाही, जिन्याच्या पायरीसारखं एकदम वाढतं.

शिंपी मनातल्या मनात या ओळीच मांडत असतो. तुम्हालाही कागदावर मांडता येतील.

आधी माप, मग तुकड्याचं माप

एक नेहमीचं माप घेऊ: छाती ४०, शर्टाची उंची २९, बाही खांद्यापासून कफसकट २४. सगळं इंचात, कारण टेबलावर आम्ही इंचातच बोलतो आणि मीटर फक्त कापडवाल्यापुढे आठवतो.

अंगाचं माप आणि कापायच्या तुकड्याचं माप यांत फरक असतो, आणि घरी अंदाज चुकतो तो बहुधा इथेच. छाती ४० असलेल्या माणसाला ४० इंचाचा शर्ट घातला तर त्याला श्वास घेता येणार नाही. नेहमीच्या फिटिंगला मी पाच इंच सैलपणा धरतो, म्हणजे तयार शर्ट ४५. त्याचा चौथा भाग सव्वाअकरा. त्यात शिवणीला पाऊण इंच मिळवला की पाठीचा अर्धा भाग बारा इंचाचा झाला. पाठ घडीवर कापतात, म्हणून उघडल्यावर ती २४ रुंद.

पुढचे दोन भाग वेगवेगळे असतात. प्रत्येकाला तेच बारा, शिवाय बटणपट्टी. पट्टी एकावर एक येण्यासाठी पाऊण इंच आणि आत दुमडण्यासाठी सव्वा इंच, असे दोन. म्हणजे पुढचा एक भाग १४, दोन मिळून २८. पाठीचे २४ मिळवले की बेरीज ५२.

आता ५२ मधून ४० वजा करा. बारा उरतात. सैलपणाचे पाच, चार शिवणींचे तीन आणि बटणपट्ट्यांचे चार. माप कुणाचंही असो, हे बारा जवळपास तेवढेच राहतात. म्हणून पहिली कसोटी अशी:

छाती + १२ हे पन्ह्यात मावतंय का?

पोट छातीपेक्षा मोठं असेल तर छातीऐवजी पोटाचं माप धरायचं. पन्नाशी ओलांडलेल्या गिऱ्हाइकाचं मी आधी पोटच मोजतो, छाती नंतर. आणि पन्हा धरताना एक इंच सोडायचा. कापडाच्या दोन्ही कडांना काठ असतो, त्यात बारीक भोकं असतात, कधी कंपनीचं नाव छापलेलं असतं, तो भाग शिवणीत घेता येत नाही. अठ्ठावन्नचा पन्हा म्हणजे वापरायला सत्तावन्न.

आपले ५२ सत्तावन्नात मावले. पहिली ओळ लागली.

ओळींची बेरीज

आता उंचीकडे. शर्ट २९, खाली घोळ दुमडायला आणि खांद्याच्या शिवणीला मिळून दोन. पहिली ओळ ३१ इंचाची.

दुसऱ्या ओळीत बाह्या. बाही २४ असली तरी त्यातले अडीच इंच कफचे आहेत आणि कफ वेगळा कापतात. उरले साडेएकवीस, शिवणीला दीड, म्हणून तुकडा २३. रुंदी दंडापाशी साधारण १८. दोन बाह्या शेजारी ठेवल्या की ३६ गेले आणि सत्तावन्नातले २१ उरले. हा २१ रुंद, २३ उंच चौकोन म्हणजे शर्टातला खजिना. खांद्यावरची दुहेरी पट्टी, जिला आम्ही योक म्हणतो, तिचे दोन्ही तुकडे इथून निघतात. प्रत्येक १९ लांब आणि पाच रुंद. त्याखाली कॉलरची दोन पानं आणि कॉलरबँडचे दोन तुकडे.

एवढं करून चौकोन संपतो आणि चार कफ व एक खिसा बाकी राहतात. कफ साडेदहा लांब, साडेतीन रुंद. खिसा दुमडीसकट सात उंच. त्यांच्यासाठी सात इंचाची तिसरी, छोटी ओळ.

३१ अधिक २३ अधिक ७, झाले ६१. कापड वाकडं फाडलेलं असतं, त्याचा कोन सरळ करायला दोन इंच जातात. एकूण ६३.

६३ इंच म्हणजे १.६० मीटर. शर्ट पीसचा हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही.

रोजच्या घाईत एवढ्या ओळी कुणी मांडत नाही. त्याऐवजी आम्ही म्हणतो: उंची + बाही + १०. २९, २४, १० मिळून ६३. फक्त हे सूत्र छाती + १२ पन्ह्यात मावत असेल तेव्हाच चालतं. लोक सूत्र पाठ करतात आणि त्याची अट विसरतात.

यातून एक गोष्ट लक्षात येते, जी गिऱ्हाइकांना पटवायला मला फार वेळ लागतो. छाती ३६ असो की ४२, उंची आणि बाही सारखी असेल तर अठ्ठावन्न पन्ह्यात कापड तेवढंच लागतं. बारीक माणसाचं कापड वाचतं ते आडवं, आणि आडवं वाचलेलं कापड दुकानदार परत घेत नाही.

हाफ शर्टात किती वाचतं

बाही चोवीसऐवजी दहा केली तर चौदा इंच वाचले, असं वाटतं. तेवढे वाचत नाहीत.

हाफ बाहीचा तुकडा दुमडीसकट बारा इंच. बाह्यांच्या ओळीत उरलेला चौकोनही आता २३ ऐवजी बाराच इंच उंच. त्यात योकचे दोन तुकडे बसतात, कॉलर बसत नाही. कफची गरज संपली म्हणून तिसऱ्या ओळीत जागा झाली होती, तिथे आता कॉलर, बँड आणि खिसा जातात. म्हणजे सात इंचाची ती ओळ कायम राहते. ३१ अधिक १२ अधिक ७ अधिक २, झाले ५२. मीटरमध्ये १.३२.

फुलच्या तुलनेत वाचले अकरा इंच. आणि सुरुवातीच्या त्या गिऱ्हाइकाचं १.४० चं कापड आठवा. त्यात हाफ शर्ट होतो आणि तीन इंच उरतात. शेवटी बहुतेकांचा निकाल असाच लागतो, फक्त चेहरा पडलेला असतो.

छत्तीस पन्ह्याचं वेगळं जग

खादी, हातमाग आणि काही सुती कापडं अजूनही छत्तीस पन्ह्यात येतात. वापरायला ३५ धरा. इथे ५२ मावायचा प्रश्नच नाही, म्हणून पुढचा भाग आणि पाठ या दोन वेगळ्या ओळी होतात.

पुढच्या दोन भागांची ओळ २८ रुंद, ३१ उंच. शेजारी सात इंचाची उभी पट्टी उरते. सात म्हणजे दोन कफ शेजारी-शेजारी. चारही कफ दोन थरांत एकवीस इंचात संपतात, त्याखाली खिसा. पट्टी जवळपास पूर्ण वापरली गेली.

पाठीची ओळ २४ रुंद. पाठीला वर योक जोडला जातो, म्हणून तिची उंची २७ पुरते. शेजारी अकरा इंच उरतात, त्यात योकचे दोन तुकडे उभे बसतात. योक उभ्या धाग्यात कापलेला बराच, खांद्यावर ताण येतो तिथे तो कमी ताणला जातो.

बाह्या १८ आणि १८ म्हणजे ३६, आणि हाताशी आहेत ३५. इथे एक बाही सुलटी आणि दुसरी उलटी ठेवायची. बाही वर रुंद, मनगटाकडे निमुळती. एकीच्या दंडाशेजारी दुसरीचं मनगट आलं की दोन्ही पस्तिसात सुखाने बसतात. ही ओळ २३. शेवटी कॉलर आणि बँड, साडेपाच इंच.

३१, २७, २३ आणि साडेपाच, अधिक वाकडेपणाचे दोन. साडेअठ्ठ्याऐंशी इंच, म्हणजे २.२५ मीटर. झटपट सूत्र: दोन वेळा उंची + बाही + ६ ते ७.

लांबी जास्त लागली तरी क्षेत्रफळ धरलं तर छत्तीस पन्ह्यात शर्ट अठ्ठावन्नपेक्षा कमी कापडात होतो, कारण बाजूला उरणाऱ्या पट्ट्या लहान तुकड्यांच्या बरोबर मापाच्या असतात. पन्हा मोठा म्हणजे काटकसर, हा समज इथे फसतो.

चव्वेचाळीस पन्ह्याचं माझं मत चांगलं नाही, निदान शर्टापुरतं. पाठ आणि एक बाही मिळून ४२ होतात आणि त्रेचाळिसात बसतात, पण पुढच्या दोन भागांशेजारी उरलेल्या पंधरा इंचात दुसरी बाही मावत नाही. तिचं निमुळतं टोक त्या पट्टीत घुसवून दंडाचा भाग खाली सोडावा लागतो. काम होतं, चिंधीही बरीच निघते. फुल शर्टाला दोन मीटर घ्या आणि विषय संपवा.

छातीची पायरी

आता छाती ४६, उंची ३१ असलेल्या माणसाकडे येऊ. ४६ अधिक १२ म्हणजे ५८. हाताशी ५७. एका इंचाने पायरी चढलो.

पाठ २७ आणि पुढचा एक भाग साडेपंधरा, एवढीच पहिली ओळ. पुढचा दुसरा भाग खालच्या ओळीत जातो. त्याच्याशेजारी वीस-वीस इंचाच्या दोन बाह्या ठेवल्या की साडेपंचावन्न होतात आणि ओळ भरते. दोन्ही ओळी ३३ उंच. लहान तुकडे पहिल्या ओळीत उरलेल्या साडेचौदा इंचात आणि बाह्यांच्या खाली निघतात. ६६ अधिक २, म्हणजे ६८ इंच, १.७३ मीटर. मी १.८० सांगतो.

या माणसाने हाफ शर्ट मागितला तर? दुसऱ्या ओळीत पुढचा भाग ३३ उंच आहेच. बाही बारा असो वा चोवीस, ओळीची उंची तो भाग ठरवतो. म्हणजे हाफला कापड फुलइतकंच. "हाफ शर्टाला एवढं कापड?" असं विचारलं की मी खडू घेतो आणि टेबलावर ओळी काढून दाखवतो. बोलून पटत नाही, बघून पटतं.

एक पळवाट आहे. बटणपट्टी आत दुमडण्याऐवजी वेगळी कापून जोडायची. मग पुढच्या प्रत्येक भागातले दुमडीचे सव्वा इंच वाचतात, दोन्ही मिळून अडीच. ५८ चे साडेपंचावन्न झाले आणि पाठ आणि पुढचे दोन्ही भाग पुन्हा एका ओळीत आले. पट्ट्या बारीक असतात, त्या कडेच्या कापडातून निघतात. शिलाईला थोडा वेळ जास्त, पण हाफ शर्टाला जवळजवळ फूटभर कापड वाचतं. मात्र हे कापड घ्यायच्या आधी शिंप्याला विचारा. काही जण वेगळी पट्टी लावायला नाराज असतात.

ब्लाउज: साडीतले ऐंशी सेंटिमीटर

ब्लाउजला तीच पद्धत लागू होते, फक्त आकडे बदलतात. ब्लाउज अंगाला बसता असतो, सैलपणा नसतो. त्याऐवजी आत दाब ठेवतात, पुढे उसवून वाढवता यावा म्हणून. साध्या चार टक्सच्या ब्लाउजला मी प्रत्येक बाजूला दीड इंच दाब धरतो. छाती ३४ असेल तर पाठीचा अर्धा भाग साडेआठ अधिक दीड, दहा. पुढचा भाग पाठीपेक्षा इंचभर मोठा, शिवाय हूकपट्टीला अर्धा इंच, म्हणजे साडेअकरा. चारही तुकडे मिळून ४३. म्हणून कसोटी: छाती + ९.

साडीतल्या ब्लाउज पीसची लांबी बहुतेक वेळा ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच. पन्हा साडीचाच, वापरायला ४४ धरू. छाती ३४ चे ४३ मावतात. ब्लाउजची उंची १५ असेल तर खालच्या दुमडीला दीड आणि खांद्याला अर्धा, ओळ १७ ची. उरले साडेचौदा इंच. बाहीला दुमड आणि शिवण मिळून दोन लागतात, म्हणून तयार बाही जास्तीत जास्त साडेबारा. कोपरापर्यंतची बाही आरामात होते. पाऊणबाही, म्हणजे सोळा इंच, होत नाही. १५, १६ आणि ४ मिळून ३५ इंच, ८९ सेंटिमीटर. सूत्र लक्षात आलं असेल: उंची + बाही + ४.

छाती ४० झाली की कसोटी ४९ येते आणि पायरी चढावी लागते. पाठ २३ एका ओळीत, शेजारी २१ उरले. पुढचे दोन भाग २६ दुसऱ्या ओळीत, शेजारी १८ उरले. बाहीचा तुकडा सोळा रुंद धरला तर प्रत्येक ओळीशेजारी एक-एक बाही बसते. म्हणजे कापड १७ आणि १७, चौतीस इंच, आणि त्यात पंधरा इंचापर्यंतची बाही फुकट! सहा इंचाची बाही केली तरी चौतीसच. थोराड अंगाच्या बायका कापड वाचवायला बाही आखूड करून घेतात, तेव्हा त्यांना हे सांगावंसं वाटतं.

अडचण एवढीच की चौतीस लागतात आणि साडीत साडेएकतीस आहेत. अडीच इंच कमी. इथे खालची दुमड वेगळ्या पट्टीने जोडतात. पाठ आणि पुढचा भाग दोन्ही ओळींत दीड-दीड इंच वाचतात, ३४ चे ३१ होतात आणि अर्धा इंच हातात राहतो. जोडाची पट्टी आतल्या बाजूला असते, ती अस्तराच्या कापडाची असली तरी चालते. उंची साडेपंधरा मागितली तर मात्र हीही युक्ती संपते, दोन ओळींत मिळून एक इंच वाढतो आणि हातात अर्धाच आहे.

छाती ३६ हे माप मधलं आणि त्रासाचं. ३६ अधिक ९ म्हणजे ४५, पन्हा ४४. बहुतेक शिंपी इथे चारपैकी प्रत्येक तुकड्याचा दाब पाव इंचाने कमी करून एका ओळीत काढतात. ब्लाउज होतो, फक्त पुढे अंग वाढलं तर उसवायला कमी राहतं. तुमच्या ब्लाउजला दाब का कमी ठेवला म्हणून शिंप्यावर रागावण्याआधी हे ध्यानात घ्या.

काठ बाहीला हवा असेल तर हिशेब पुन्हा फिरतो. साडीचा काठ लांबीच्या कडेने जातो, म्हणून बाही आडवी ठेवावी लागते. आता बाहीची रुंदी लांबीतून खर्च होते. छाती ३४ ला चौदा इंच रुंदीची बाही घेतली तर १४ आणि १७ मिळून ३१, ऐंशी सेंटिमीटरमध्ये काठोकाठ. दंडाचा घेर त्याहून मोठा असेल तर होत नाही. काठ दोन्ही कडांना सारखा आहे का, तेही बघा. एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला बारीक काठ असेल तर दोन्ही बाह्या एकाच कडेवर घ्याव्या लागतात, म्हणजे नुसत्या बाह्यांनाच २८ इंच. तिथे ऐंशी सेंटिमीटर पुरत नाहीत.

हे सगळे आकडे चार टक्सच्या ब्लाउजचे आहेत. कटोरी किंवा प्रिन्सेस कटमध्ये पुढचा भाग तुकड्यांत विभागतो, प्रत्येक जोडाला शिवण जाते. आणखी दहा सेंटिमीटर धरा.

आटणं, चौकडा आणि एकाच दिशेची नक्षी

आतापर्यंतचा हिशेब साध्या, न आटणाऱ्या कापडाचा झाला. सुती कापड आटतं, आणि किती आटेल हे दुकानदाराच्या तोंडावर सोडू नका. कापडाच्या कोपऱ्यात दहा बाय दहा इंचाचा चौकोन पेनने आखा, रात्रभर भिजवा, वाळवून इस्त्री करा आणि पुन्हा मोजा. उभा धागा साडेनऊ भरला तर शंभरात पाच आटलं. मग ६३ ऐवजी ६६ हून थोडं जास्त लागेल, म्हणजे १.७० मीटर. आडवंही मोजा. छत्तीसचा पन्हा धुतल्यावर साडेचौतीस झाला तर उलटसुलट ठेवलेल्या बाह्याही चिकटतात.

चौकडा असेल तर दोन्ही पुढचे भाग, खिसा आणि बाजूच्या शिवणी जुळवायला तुकडे खाली सरकवावे लागतात. ढोबळ नियम असा की जितक्या मोठ्या ओळी, तितके चौकडे जास्त. चार इंचाचा चौकडा आणि दोन ओळी, म्हणजे आठ इंच, वीस सेंटिमीटर. बारीक चौकड्याला मी वेगळं काही मागत नाही. उभ्या रेघांनाही नाही.

एकाच दिशेला तोंड केलेली नक्षी हा खरा शत्रू. फुलं सगळी वर बघणारी असली की एक बाही उलटी ठेवता येत नाही, आणि छत्तीस पन्ह्याचा डावच मोडतो. एकेका बाहीची वेगळी ओळ धरावी लागते, म्हणजे तेवीस इंच वाढले. अठ्ठावन्न पन्ह्यात फरक पडत नाही, तिथे बाह्या मुळातच शेजारी सुलट्या बसतात. एकदा मी घाईत हे विसरलो होतो. छत्तीस पन्ह्याचं कापड, बारीक मोरांची नक्षी, आणि कापून झाल्यावर लक्षात आलं की डाव्या बाहीवरचे मोर डोक्यावर उभे आहेत. गिऱ्हाईक भलं होतं, हसलं. कापडाचे पैसे मी भरले.

दुकानात उभं राहून

कापडवाल्याकडे जाताना चार आकडे लिहून न्या: छाती किंवा पोट, उंची, बाही, आणि पन्हा तिथेच मोजून. थानावर अठ्ठावन्न लिहिलेलं कापड प्रत्यक्षात छप्पन्न भरलेलं मी पाहिलं आहे, आणि छाती ४४ च्या माणसाला त्या दोन इंचांनी पायरी चढावी लागते. मग आधी कसोटी, नंतर सूत्र. इंचाचे सेंटिमीटर करायला अडीचने गुणा आणि थोडं वर धरा, दहा सेंटिमीटर म्हणजे चार इंच. दुकानदार वाराने बोलला तर एक वार छत्तीस इंचाचा, मीटरपेक्षा तीन इंचांहून जास्त कमी. अडीच वार आणि अडीच मीटर यांत साडेआठ इंचांचा फरक पडतो.

आणि तरीही कमी पडलंच, तर शिंप्याला सरळ विचारा की आतले तुकडे दुसऱ्या कापडाचे चालतील का. शर्टात योकचा आतला तुकडा, कॉलरबँडचा आतला भाग आणि कफची आतली बाजू बाहेरून दिसत नाही. हे सगळं मिसळत्या रंगाच्या साध्या सुती कापडातून घेतलं तर तिसरी ओळ जवळपास रद्द होते, सहा-सात इंच वाचतात. दीड मीटर, म्हणजे ५९ इंच आणलेल्या माणसाचा फुल शर्ट मी असाच काढतो. एक चाळीसमध्ये मात्र नाही. पहिल्या दोन ओळींचेच चोपन्न इंच होतात आणि एक चाळीस म्हणजे पंचावन्न. उरतो एक इंच, आणि कापड सरळ फाडलेलं नसेल तर तोही नाही.